कापलेला एक टक्का कुणाच्या खात्यावर?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस आणि ज्वारीच्या बैठकीत आयकराचे काय काम, असे काही जणांच्या तोंडावर दिसते आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे आपल्याला पाठ आहे. कापूस विकला, तूर विकली, ज्वारीचा कडबा विकला, तर आयकरवाला विचारायला येत नाही. पण वावरच विकले तर? शहर वाढत वाढत वावराच्या बांधाला येऊन टेकले आहे, आणि पऱ्हाटीच्या वावराला एकाएकी लाखांचे भाव आले आहेत. त्या व्यवहारात खरेदीदार म्हणतो, "एक टक्का टीडीएस कापून देतो." कास्तकार म्हणतो, "काप बाबा." कापलेला तो एक टक्का जातो कुठे आणि परत मिळवायचा कसा, एवढे एकच आज बोलायचे आहे.

कोणत्या जमिनीला कापायचे, कोणत्या नाही

कायदा असा आहे. १ जून २०१३ पासून, ५० लाख रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता घेताना खरेदीदाराने किमतीच्या एक टक्का रक्कम कापून विकणाऱ्याच्या नावाने सरकारात भरायची. जुन्या आयकर कायद्यात हे कलम १९४-आयए होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलले. एक टक्का आणि ५० लाख मात्र तसेच राहिले. मी उदाहरण आधीच्या काळातले घेणार आहे, म्हणून आकडे जुने सांगतो. नव्या कागदावर दुसरा क्रमांक दिसला तर गोंधळू नका.

५० लाखांच्या वर जेवढे जास्त, तेवढ्यावरच कापायचे, असा काहींचा समज असतो. तसे नाही. मर्यादा गाठली की पूर्ण किमतीवर कापायचे. शिवाय १ एप्रिल २०२२ पासून खरेदीखतातला आकडा आणि मुद्रांकासाठीचे सरकारी मूल्यांकन यांत जो मोठा, तो धरायचा. खरेदीखत ४५ लाखांचे आणि रेडीरेकनरने मूल्यांकन ५२ लाखांचे असेल, तर ५२ हजार कापले जातात.

आता आपल्या कामाची गोष्ट. या कलमातून शेतजमीन वगळली आहे. पण सातबाऱ्यावर पीक लागले आहे म्हणून आयकराच्या कायद्यात ती शेतजमीन ठरतेच असे नाही. तिथे अंतर मोजतात. जवळच्या नगरपालिकेची किंवा महापालिकेची लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि एक लाखापर्यंत असेल, तर हद्दीपासून २ किलोमीटरपर्यंतची जमीन वगळलेली नाही. लोकसंख्या एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत असेल तर ६ किलोमीटर, आणि दहा लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर. हद्दीच्या आतली तर धरायचीच. हे अंतर रस्त्याने मोजायचे नाही; कावळा उडेल तसे सरळ मोजायचे. लोकसंख्या जनगणनेची धरायची. २०११ च्या जनगणनेत अकोल्याची लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या घरात होती, म्हणून तिथे ६ किलोमीटर. पुसदची एक लाखाच्या आत होती, म्हणून तिथे २. नागपूरला ८.

या पट्ट्याच्या बाहेरची शेतजमीन विकली, तर एक टक्का कापायचाच नाही. तिच्या विक्रीच्या नफ्यावर आयकरही नाही. पट्ट्याच्या आतली विकली, तर दोन्ही लागू.

एक व्यवहार, दोन वर्षे

उदाहरणासाठी एक व्यवहार मांडतो. हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे सरळ घेतले आहेत.

एका कास्तकाराचे वडिलोपार्जित वावर अकोला महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ४ किलोमीटरवर आहे. दरवर्षी कपाशी आणि तूर. सौदा ठरला ६० लाखांना. मूल्यांकन त्याहून कमीच आहे. १२ मार्च २०२४ ला इसार झाला १० लाखांचा. खरेदीखत झाले १८ नोव्हेंबर २०२४ ला, आणि त्या दिवशी उरलेले ५० लाख द्यायचे होते.

एक टक्का प्रत्येक वेळी पैसे देताना कापायचा असतो. इसाराच्या वेळी खरेदीदाराने १० हजार कापले आणि ९ लाख ९० हजार दिले. खरेदीच्या दिवशी ५० हजार कापले आणि ४९ लाख ५० हजार दिले. कास्तकाराच्या हाती एकूण ५९ लाख ४० हजार आले. उरलेले ६० हजार त्याचेच आहेत, फक्त सरकारात जमा आहेत.

जमा आहेत, हे मात्र नुसत्या बोलण्यावर धरायचे नाही. खरेदीदाराने पैसे ज्या महिन्यात कापले, तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत फॉर्म २६क्यूबी भरून ते भरायचे असतात. त्यासाठी त्याला कर कापणाऱ्या व्यापाऱ्यासारखा वेगळा टॅन नंबर काढावा लागत नाही. त्याचा पॅन आणि विकणाऱ्याचा पॅन पुरतो. म्हणजे मार्चच्या १० हजारांची मुदत ३० एप्रिल २०२४, आणि नोव्हेंबरच्या ५० हजारांची ३० डिसेंबर २०२४. त्यानंतर १५ दिवसांत त्याने विकणाऱ्याला फॉर्म १६बी हा दाखला द्यायचा. दोन वेळा कापले, म्हणून २६क्यूबी दोन आणि १६बीही दोन.

दाखल्याइतकीच मोठी दुसरी नोंद आहे, तिचे नाव फॉर्म २६एएस. आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनने गेले की ती दिसते. तिला तुमच्या पॅनचा सातबारा समजा. तुमच्या नावाने कुणी किती कर कापून भरला, ते तिथे चढते. तिथे नोंद चढली नाही, तर पैसे आयकर खात्याच्या लेखी तुमचे नाहीत. म्हणून ३० एप्रिल उलटली की मे महिन्यात एकदा २६एएस काढून बघायचे. १० हजारांची नोंद आहे का, रक्कम बरोबर आहे का, एवढेच बघायचे.

इसाराचे दहा हजार कसे अडकतात

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते इथे, म्हणून नीट ऐका.

आयकराचे वर्ष एप्रिल ते मार्च. इसाराचे १० हजार कापले गेले २०२३-२४ या वर्षात. पण जमीन विकली गेली नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे २०२४-२५ या वर्षात. विक्रीच्या नफ्यावरचा कर विक्रीच्या वर्षात लागतो. आणि नियम असा की, कापलेला कर त्याच वर्षी वजा मिळतो, ज्या वर्षी ते उत्पन्न दाखवले जाते. म्हणजे १० हजार पहिल्या वर्षाच्या खात्यावर जमा, आणि ज्या उत्पन्नापोटी ते कापले ते दुसऱ्या वर्षात.

यावर उपाय आहे. पहिल्या वर्षाचे विवरणपत्र भरायचे, त्यात १० हजार दाखवायचे, पण त्या वर्षी मागायचे नाहीत. पुढच्या वर्षात ओढायचे. विवरणपत्रातल्या टीडीएसच्या तक्त्यात यासाठी वेगळा रकाना आहे. या वर्षी मागितलेली रक्कम शून्य, पुढे ओढलेली रक्कम १० हजार.

कास्तकार इथे म्हणतो, "मला शेतीशिवाय उत्पन्न नाही, मी विवरणपत्र कशाला भरू?" कायद्याने त्या वर्षी त्याच्यावर सक्ती नव्हतीच. पण भरले नाही तर पुढच्या वर्षी मागून आलेले १० हजार मागताना आयकराच्या संगणकाला मागचा दुवा सापडत नाही, आणि ती रक्कम नाकारली जाण्याचा धोका राहतो. आमच्या उदाहरणातल्या कास्तकाराने ३१ जुलै २०२४ ची मुदत चुकवली होती. पण उशिराचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरता येत होते. त्याचे करपात्र उत्पन्न शून्य, त्यामुळे उशिराचे शुल्कही नाही. खरेदीखत होताच त्याने डिसेंबरमध्ये शून्य उत्पन्नाचे विवरणपत्र भरले आणि १० हजार पुढे ओढले. इसार आणि खरेदीखत यांच्या मध्ये ३१ मार्च येत असेल, तर एवढे काम करायचेच.

विक्रीच्या वर्षाचे विवरणपत्र

आता दुसरे वर्ष, २०२४-२५. इथे विवरणपत्र भरणे ऐच्छिक नाही. वर्षात २५ हजार किंवा त्याहून जास्त कर कापला गेला असेल (साठीच्या वरच्यांना ५० हजार), तर विवरणपत्र भरावेच लागते. शिवाय नफा मोठा आहे. फॉर्म लागतो आयटीआर-२.

आधी नफा काढू. वडिलोपार्जित जमिनीला खरेदीची किंमत नसते, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते; मात्र त्या दिवशीच्या सरकारी मूल्यांकनाहून जास्त नाही. समजा ती २ लाख निघाली. ६० लाखांतून २ लाख वजा, नफा ५८ लाख. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. जुनी जमीन असेल तर महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांनी हिशेब करण्याची मुभाही आहे, पण इथे ती महाग पडते. ५८ लाखांवर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि उपकर. थोडी सूट धरली तरी कर सात लाखांच्या वर जातो.

आणि कापले किती? साठ हजार. म्हणून सांगतो, "एक टक्का कापला, कर मिटला" हे डोक्यातून काढा. एक टक्का म्हणजे कर नव्हे, करापोटी आधी घेतलेली उचल आहे. हिशेब विवरणपत्रात होतो. कर दीड लाख निघाला तर ६० हजार वजा जाऊन ९० हजार भरायचे. कर शून्य निघाला तर ६० हजार परत मिळायचे.

शून्य निघू शकतो का? निघू शकतो. विकलेल्या जमिनीवर आधीची दोन वर्षे तो किंवा त्याचे आईवडील शेती करत असतील, आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर कलम ५४बी प्रमाणे त्या खर्चाइतका नफा करातून सुटतो. ही नवी जमीन तीन वर्षे विकायची नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन घेता आली नाही, तर तेवढे पैसे बँकेतल्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवायचे.

आमच्या कास्तकाराने एप्रिल २०२५ मध्ये आडगावी मुद्रांक-नोंदणी धरून ५९ लाखांना मोठे वावर घेतले. नफा ५८ लाख, खर्च ५९ लाख. कर शून्य. आणि गंमत बघा. ही खरेदीही ५० लाखांच्या वरची, पण ती जमीन कोणत्याही शहराच्या पट्ट्यात येत नव्हती. म्हणून तिथे तो स्वतः खरेदीदार असताना त्याला एक टक्का कापायचा नव्हता, आणि त्याने कापला नाही.

दोन वर्षे शेती केली याचा पुरावा म्हणजे सातबाऱ्यावरची पिकांची नोंद. ई-पीक पाहणी केली नाही आणि पीक रकाना कोरा राहिला किंवा जमीन पडीक दिसली, तर कपाशी वेचली असली तरी कागद तुमच्या विरुद्ध बोलतो. शहराजवळच्या वावराची नोंद म्हणून दर हंगामात करा.

आता तक्ता. आयटीआर-२ मध्ये भांडवली नफ्याच्या तक्त्यात खरेदीदाराचे नाव, पॅन, रक्कम आणि जमिनीचा पत्ता द्यायचा. त्याखाली ५४बी ची नवी जमीन, तारीख आणि किंमत. मग टीडीएसचा तो तक्ता, ज्याच्या डोक्यावर १६बी लिहिलेले असते. तिथे दोन ओळी भरायच्या. पहिल्या ओळीत खरेदीदाराचा पॅन, मागून आलेले १० हजार, कापल्याचे वर्ष २०२३-२४. दुसऱ्या ओळीत पुन्हा त्याचा पॅन आणि चालू वर्षाचे ५० हजार. दोन्ही ओळींत "या वर्षी मागतो" या रकान्यात पूर्ण रक्कम. त्यापुढे कोणत्या उत्पन्नापोटी कापले ते विचारतात: पहिल्या ओळीत १० लाख, दुसऱ्या ओळीत ५० लाख, आणि उत्पन्नाचा प्रकार भांडवली नफा. पुढे ओढायची रक्कम आता शून्य. बेरीज ६० हजार, कर शून्य, परतावा ६० हजार.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करायची. पडताळणी राहिली की विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. परतावा येतो तो संकेतस्थळावर मान्य करून घेतलेल्या बँक खात्यातच. म्हणून खात्यावरचे नाव आणि पॅनवरचे नाव जुळते का, ते आधी बघा.

नोंद चुकली तर

तीन ठिकाणी बिघडते.

पहिले, सामाईक सातबारा. चार भावंडांची जमीन ८० लाखांना गेली, प्रत्येकाचा वाटा २० लाख. पूर्वी काही खरेदीदार म्हणत, कुणाचाच वाटा ५० लाख नाही, कापायचे नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्याने स्पष्ट केले की सर्वांची मिळून किंमत धरायची. म्हणजे कापायचे, आणि प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा २६क्यूबी भरून २०-२० हजार भरायचे. खरेदीदाराने सोय म्हणून सगळे ८० हजार थोरल्याच्या पॅनवर भरले, तर बहिणीच्या २६एएस मध्ये शून्य दिसते. तिला कर मात्र तिच्या वाट्यावर लागतो. ही दुरुस्ती विकणाऱ्याला करता येत नाही. २६क्यूबीचा दुरुस्ती अर्ज खरेदीदारानेच करायचा असतो, आणि रक्कम घेऊन झाल्यावर खरेदीदार फोन उचलत नाही हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून इसाराच्या दिवशीच सगळ्या भावंडांचे पॅन आणि प्रत्येकाचा वाटा इसारपावतीत लिहून घ्या.

दुसरे, पॅन. पॅन दिलाच नाही, किंवा आधारशी जोडलेला नसल्याने निष्क्रिय झाला असेल, तर एकाऐवजी वीस टक्के कापायचे असतात. ६० लाखांवर वीस टक्के म्हणजे १२ लाख. इसाराआधी पॅन चालू आहे का, ते बघून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

तिसरे, खरेदीदाराने कापले पण भरले नाही. उशीर केला तर दंड त्याला आहे: महिन्याला दीड टक्का व्याज आणि दिवसाला २०० रुपये शुल्क. जो कर तुमच्याकडून कापून झाला, तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, असे कलम २०५ सांगते. पण कापला हे सिद्ध कोण करणार? तुम्हीच. त्यासाठी खरेदीखतात ओळ हवी: एकूण किंमत इतकी, त्यातून टीडीएस इतका कापला, उरलेले इतके या चेकने मिळाले. अर्जनवीस नुसते "संपूर्ण रक्कम पावली" असे लिहीत असेल तर थांबवा. साधता आले तर खरेदीदाराने २६क्यूबी आधी भरून त्याचे चलन निबंधक कार्यालयात सहीच्या वेळी दाखवावे, असे इसारपावतीतच ठरवा. सही होण्याआधी तो तुमचे ऐकतो.

आणि पट्ट्याबाहेरच्या जमिनीवर खरेदीदाराने भीतीपोटी एक टक्का कापलाच, तर भांडत बसू नका. २६एएस मध्ये नोंद चढू द्या, विवरणपत्र भरा आणि परतावा मागा. पिकांच्या नोंदीचा सातबारा आणि शहराच्या हद्दीपासूनच्या सरळ अंतराचा तहसीलचा दाखला जवळ ठेवा. विचारणा आली तर तेच दाखवायचे आहेत.

भावांनो, मोंढ्यात काटा मारला तर आपण हमालालाही जाब विचारतो. हे ६० हजार तर कुणी मारलेले नाहीत. आपल्याच नावाने पडून आहेत. इसार ते विवरणपत्र या वाटेवर चार कागद जपायचे: इसारपावती, खरेदीखत, दोन्ही १६बी आणि २६एएस. ज्यांचे सौदे गेल्या वर्षी इसारावर राहिले आणि यंदा खरेदी होणार आहे, त्यांनी बैठक संपल्यावर मागे थांबावे. त्यांच्या इसाराच्या तारखा आपण एकेक करून पाहू.